बँकेचा बाँड शून्य होतो तेव्हा: रिझर्व्ह बँक आणि सेबी यांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
मा. अध्यक्ष, सेबी, मुंबई

विषय : बँकांचे परपेच्युअल आणि टियर-टू बाँड राइट-ऑफ करताना पाळायचा क्रम, आणि ते विकताना गिऱ्हाइकापुढे ठेवायचा कागद

महोदय,

१४ मार्च २०२० रोजी येस बँकेच्या प्रशासकांनी शेअर बाजारांना एक पत्र पाठवले. बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे परपेच्युअल बाँड पूर्णपणे आणि कायमचे राइट-ऑफ केल्याचे त्यात कळवले होते. या बाँडच्या दोन मालिका होत्या. डिसेंबर २०१६ मधली ९.५० टक्क्यांची मालिका ३,००० कोटींची, तर ऑक्टोबर २०१७ मधली ९ टक्क्यांची मालिका ५,४१५ कोटींची. राइट-ऑफ म्हणजे हप्ते पुढे ढकलणे नव्हे, व्याज कमी करणे नव्हे, मुद्दलाचा काही भाग कापणेही नव्हे. ज्यांच्या डिमॅट खात्यात हे बाँड होते त्यांचे बँकेकडून येणे त्या दिवशी शून्य झाले. त्याच बँकेचे शेअर ज्यांच्याकडे होते त्यांचे शेअर मात्र जागेवर राहिले.

भांडवलाच्या उतरंडीचा एक नियम वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षापासून शिकवला जातो. तोटा आधी मालकाचा, मग कर्ज देणाऱ्याचा. शेअरधारक हा मालक, बाँडधारक हा कर्ज देणारा. येस बँकेत हा क्रम उलटा झाला. तो कुठे उलटा झाला, कोणत्या वाक्यामुळे झाला आणि ते वाक्य विकत घेणाऱ्यापर्यंत का पोहोचले नाही, हे नेमके मांडावे आणि त्यावर तुमच्याकडे ठोस मागण्या कराव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आहे. आम्ही रोखेबाजारात काम करतो. या बाँडची माहितीपत्रके वाचणे हा आमचा रोजचा धंदा आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बाझल-तीन या आंतरराष्ट्रीय भांडवल नियमांखाली बँकेच्या भांडवलाचे तीन थर मानले जातात. सगळ्यात खाली शेअरभांडवल आणि राखीव निधी, म्हणजे सीईटी-वन. त्यावर एटी-वन, यात परपेच्युअल बाँड येतात. त्यावर टियर-टू, म्हणजे ठरावीक मुदतीचे गौण बाँड. ठेवीदार या तिघांच्याही वर असतो. तोटा खालून वर चढत जावा आणि ठेवीदारापर्यंत पोहोचू नये, म्हणून ही रचना आहे. रचना चांगली आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही.

परपेच्युअल बाँडला परतफेडीची तारीख नसते. किमान पाच वर्षांनी बाँड परत घेण्याचा हक्क बँकेला असतो, त्यालाच कॉल म्हणतात. पण तो हक्क बँकेचा, बाँडधारकाचा नाही, आणि तो वापरायला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. विक्रीच्या वेळी मात्र कॉलची तारीख हीच जणू मुदतपूर्तीची तारीख असल्यासारखी सांगितली जाते, आणि ‘पाच वर्षांत इतके टक्के’ असा हिशेब त्याच तारखेवर मांडून दाखवला जातो. व्याजाचेही तसेच. नफा किंवा वाटपयोग्य राखीव निधी नसेल तर बँक व्याज देऊ शकत नाही, आणि असला तरी न देण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. एका वर्षी बुडालेले व्याज पुढच्या वर्षी जमा होऊन मिळत नाही, आणि ते न देणे ही कसूर धरली जात नाही. थकलेल्या व्याजासाठी बाँडधारक बँकेला कोर्टात खेचू शकत नाही.

हे सगळे सहन करता येण्याजोगे आहे, कारण त्याबद्दल दीडदोन टक्के जास्त व्याज मिळते. खरा धोका पुढच्या कलमांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मुद्दल जाण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे बँकेच्या जोखीमभारित मालमत्तेच्या तुलनेत सीईटी-वनचे प्रमाण ६.१२५ टक्क्यांच्या खाली गेले तर. दुसरी, बँक यापुढे स्वतःच्या बळावर तगणार नाही असे रिझर्व्ह बँकेला वाटले तर. बाजारात या टप्प्याला ‘पॉइंट ऑफ नॉन-व्हायेबिलिटी’ म्हणतात आणि तो आला की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त रिझर्व्ह बँकेचा. तिसरी वाट बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ मधून जाते. या कलमाखाली बँकेची पुनर्रचना किंवा दुसऱ्या बँकेत विलीनीकरण करायचे ठरले, की ती बँक तगण्यापलीकडे गेली असे आपोआप मानले जाते आणि एटी-वन बाँड त्याआधी पूर्ण राइट-ऑफ करायचे असतात. १४ मार्चचे पत्र या तिसऱ्या वाटेवर उभे होते.

आता ते वाक्य. रिझर्व्ह बँकेच्या बाझल-तीन मास्टर परिपत्रकाच्या परिशिष्टात या टप्प्याचे निकष दिले आहेत. त्यांत असा नियम आहे, की शेअरभांडवल सोडून इतर नियामक भांडवल, म्हणजे एटी-वन आणि टियर-टू, राइट-ऑफ करण्याआधी सीईटी-वन राइट-ऑफ करणे बंधनकारक नाही. साध्या भाषेत सांगायचे तर मालकाचा पैसा शिल्लक असतानाही कर्ज देणाऱ्याचा पैसा शून्य करता येतो. बँक गुंडाळली आणि लिक्विडेटर बसला तर क्रम नेहमीचाच राहतो, बाँडधारक शेअरधारकाच्या पुढे उभा असतो. पण भारतात मोठी बँक गुंडाळली जात नाही, तिची पुनर्रचना होते. म्हणजे ज्या प्रसंगी बाँडधारकाला आपला अग्रक्रम मिळाला असता तो प्रसंग येतच नाही, आणि जो प्रसंग खरोखर येतो त्यात अग्रक्रमाची हमी नाही.

हे आकड्यांत पाहू. समजा तीन जणांनी येस बँकेत प्रत्येकी दहा लाख रुपये ठेवले होते. एकाची मुदत ठेव, दुसऱ्याचा ९ टक्क्यांचा परपेच्युअल बाँड, तिसऱ्याचे शेअर. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी बँकेवर निर्बंध आले. ठेवीदाराला फक्त ५०,००० रुपये काढता येत होते, ते दिवस त्याला फार वाईट गेले असणार. १८ मार्चला निर्बंध उठले आणि त्याची पूर्ण रक्कम त्याला मोकळी झाली. शेअरधारकाची किंमत घसरली, आणि शंभराहून जास्त शेअर असतील तर त्यांतले ७५ टक्के तीन वर्षांसाठी गोठवले गेले. पण शेअर त्याच्या नावावर राहिले आणि उरलेले तो दुसऱ्या दिवशीही विकू शकत होता. बाँडधारकाकडे काहीच उरले नाही. मुदत ठेवीला साडेसात टक्के मिळत होते असे धरले, तर बाँडवर त्याला वर्षाला १५,००० रुपये जास्त मिळत होते. दहा लाखांचे मुद्दल या जादा व्याजातून भरून निघायला साठ वर्षांहून जास्त काळ लागला असता, आणि ऑक्टोबर २०१७ ते मार्च २०२० हा काळ अडीच वर्षांचाही नाही.

तो पैसा गेला कुठे, हेही पाहण्यासारखे आहे. देणे रद्द झाले की हिशेबात तेवढे भांडवल तयार होते. मार्च २०२० च्या तिमाहीत येस बँकेने २,६२९ कोटी रुपयांचा नफा दाखवला. त्यात या राइट-ऑफमधून आलेले, कर वजा जाता ६,२९७ कोटी रुपये अपवादात्मक उत्पन्न म्हणून धरलेले होते. स्टेट बँकेसह आठ संस्थांनी मिळून दहा रुपये भावाने १०,००० कोटींचे नवे भांडवल आणले, त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. त्याच पुनर्रचनेत बाँडधारकांनी घातलेले ८,४१५ कोटी मात्र कोणी मोजले नाहीत. बदल्यात त्यांना एकही शेअर मिळाला नाही.

पुढची घटनाही नोंदवली पाहिजे, कारण ती थेट तुमच्या कार्यपद्धतीशी संबंधित आहे. ६ मार्चला रिझर्व्ह बँकेने पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध केला. एटी-वन बाँड पूर्ण राइट-ऑफ होतील असे त्यात लिहिले होते. हरकती व सूचना ९ मार्चपर्यंत द्यायच्या होत्या. ६ मार्च शुक्रवार होता, म्हणजे मध्ये शनिवार-रविवार. १३ मार्चला केंद्र सरकारने अंतिम योजना अधिसूचित केली, आणि तिच्यात राइट-ऑफचे ते कलम नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रशासकांचे पत्र निघाले. मुंबई उच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी हा निर्णय रद्द केला. अंतिम योजना लागू झाल्यावर आणि तिच्यात तसे कलम नसताना प्रशासकांना हा निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता, हा त्यामागचा गाभा. न्यायालयाने स्वतःच्याच निकालाला सहा आठवड्यांची स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ती पुढे चालू ठेवली.

या निकालाचा अर्थ अनेक बाँडधारक चुकीचा काढतात, म्हणून स्पष्ट लिहितो. परपेच्युअल बाँड राइट-ऑफ करता येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. कोणी आणि कधी केले, यावर तो निकाल उभा आहे. तेच कलम अंतिम योजनेत छापले गेले असते तर वाद वेगळाच झाला असता. त्यामुळे आज ज्यांच्याकडे असे बाँड आहेत त्यांनी या निकालाच्या भरवशावर स्वतःला सुरक्षित समजू नये.

आता विक्रीबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक चांगली तरतूद आहे. असे बाँड किरकोळ गुंतवणूकदाराला द्यायचे असतील तर जाहिरातीत आणि अर्जावर, ठळक चौदा आकाराच्या अक्षरांत, हा बाँड मुदत ठेवीपेक्षा वेगळा कसा आहे ते छापायचे, आणि तोटा सोसण्याची कलमे समजली म्हणून गुंतवणूकदाराची सही घ्यायची. पण ही तरतूद बँक बाँड काढते त्या वेळची आहे. येस बँकेचे बाँड आधी संस्थांनी घेतले होते, आणि नंतर दुय्यम बाजारातून बँकेच्याच संपत्ती-व्यवस्थापन विभागामार्फत व्यक्तींना विकले गेले. त्या वाटेवर चौदा आकाराची अक्षरे कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाहीत. तुमची संरक्षक भिंत पुढच्या दाराला होती, माल मागच्या दाराने गेला.

सेबीच्या १२ एप्रिल २०२१ च्या आदेशातले आकडे सेबीला सांगायची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्यांसाठी ते इथे हवेत. १,३४६ व्यक्तींनी सुमारे ६७९ कोटी रुपये या बाँडमध्ये घातले होते. त्यांतले १,३११ जण येस बँकेचे आधीपासूनचे ग्राहक होते. २७७ ग्राहकांनी याच बँकेतली मुदत ठेव मुदतीआधी मोडून सुमारे ८० कोटी या बाँडमध्ये वळवले. सरासरी काढली तर माणशी २९ लाखांच्या आसपास. यातला एकेक माणूस काय करत होता ते पाहा. तो बँक बदलत नव्हता, जोखीम शोधत नव्हता, शेअर बाजारात उतरत नव्हता. त्याच शाखेत, त्याच माणसाच्या सांगण्यावरून, त्याच नावाच्या कागदावर दीडदोन टक्के जास्त घेत होता. या एका सहीने तो ठेव विम्याच्या छत्राखालून बाहेर पडला आणि रांगेत सगळ्यांच्या पुढून शेअरधारकाच्या शेजारी येऊन उभा राहिला. बँकेला २५ कोटींचा दंड झाला, त्यालाही मे २०२१ मध्ये अपीलीय न्यायाधिकरणाची स्थगिती मिळाली.

ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने नियम कडक केले. एटी-वन बाँड फक्त पात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांना, इलेक्ट्रॉनिक बुक पद्धतीनेच द्यायचे, आणि किमान वाटप व किमान व्यवहार एक कोटीचा. मार्च २०२१ मध्ये म्युच्युअल फंडांवरही मर्यादा आली. एका योजनेच्या मालमत्तेत असे बाँड दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि एकाच बँकेचे पाच टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ही दोन्ही पावले योग्य होती, पण त्यांनी प्रश्न अर्धाच सुटला. ऑक्टोबरचे परिपत्रक एटी-वनपुरते होते. राइट-ऑफचे कलम मात्र टियर-टू बाँडमध्येही असते, आणि ते वापरलेही गेले आहे.

ते लक्ष्मी विलास बँकेत वापरले गेले. १७ नोव्हेंबर २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले, आणि २७ नोव्हेंबरला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. आदल्या दिवशी बाझल-तीनखालचे ३१८.२० कोटी रुपयांचे टियर-टू बाँड पूर्ण राइट-ऑफ झाले. शेअरभांडवलही पूर्ण पुसले गेले. ठेवीदारांना धक्का लागला नाही. या बाँडना परतफेडीची तारीख होती, व्याज ठरलेले होते आणि ते बुडवणे ही कसूर ठरली असती. ‘परपेच्युअल नको, मुदतीचा द्या’ असे म्हणणारा सावध माणूस नेमका हाच कागद घेतो. त्याचेही मुद्दल गेले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की आमची तक्रार स्पष्ट होते. येस बँकेत एटी-वन गेले, टियर-टू राहिले, शेअर राहिले. लक्ष्मी विलासमध्ये शेअर गेले आणि टियर-टूही गेले. दोन्ही बँका कलम ४५ खाली आल्या होत्या, आणि दोन्ही प्रसंग एकाच वर्षातले, नऊ महिन्यांच्या आतले. लक्ष्मी विलासचे भांडवल संपूनच गेले होते, सप्टेंबर २०२० अखेर तिचे भांडवल पर्याप्तता प्रमाण उणे २.८५ टक्के होते. त्यामुळे तिथे सगळे थर जाणे समजू शकते. पण कोणत्या परिस्थितीत कोणता थर किती जाईल, हे आधी सांगणारा कागद तुमच्याकडे असेल तर तो गुंतवणूकदारापुढे नाही. हे ठरवणे फक्त प्रसंगावर आणि तुमच्या विवेकावर सोडलेले आहे.

‘मग बँकेचे आकडे पाहून घ्यावेत’ हे उत्तर नेहमी मिळते. ते कितपत उपयोगी पडते ते येस बँकेवरूनच पाहू. सप्टेंबर २०१९ अखेर तिचे सीईटी-वन प्रमाण ८.७ टक्के होते. तेव्हा लागू असलेल्या ५.५ टक्क्यांच्या रेषेपासून तीन टक्क्यांहून जास्त वर, म्हणजे कागदावर भरपूर अंतर. पुढच्या तिमाहीत १८,५६४ कोटींचा तोटा निघाला आणि हेच प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले. एकाच तिमाहीत. हे आकडे जाहीर कधी झाले? १४ मार्च २०२० ला, म्हणजे राइट-ऑफच्याच दिवशी. ज्या दिवशी धोक्याचा आकडा बाहेर आला, त्या दिवशी विकायला बाँडच उरला नव्हता. दर तिमाहीला प्रसिद्ध होणारे हे प्रमाण सरळसोट घसरत नाही. बुडीत कर्जे लपलेली असतात तोवर ते चांगलेच दिसते आणि ती मान्य केली की एकदम कोसळते. आमच्या मते त्यापेक्षा लवकर दिसणारी खूण दुसरी होती. डिसेंबर तिमाहीचे निकाल वेळेत आले नाहीत. फेब्रुवारीतच बँकेने ते लांबणीवर टाकले होते. निकाल लांबवणाऱ्या बँकेचा गौण बाँड हातात ठेवू नये, हे आम्ही आमच्या गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो. पण तोवर बाजारात घेणारा उरलेला नसतो हेही खरे.

स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०२३ मध्ये क्रेडिट सुइसच्या बाबतीत असेच घडले. सुमारे १,६०० कोटी स्विस फ्रँकचे एटी-वन बाँड शून्य झाले आणि शेअरधारकांना यूबीएसकडून ३०० कोटी फ्रँकचे मोल मिळाले. दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला, युरोपीय मध्यवर्ती बँकेसह युरोपातल्या तीन नियामकांनी मिळून निवेदन काढले, की आमच्याकडे तोटा आधी शेअरभांडवल सोसेल, ते पूर्ण वापरल्यानंतरच एटी-वनला हात लागेल. बँक ऑफ इंग्लंड, सिंगापूर आणि हाँगकाँग यांनीही त्याच आठवड्यात तशीच ग्वाही दिली. आपल्याकडे याच गोष्टीवर तीन वर्षे आधी वाद पेटला होता, आणि उलट दिशेचे वाक्य नियमात कायम राहिले.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा इथे घालणे भाग आहे, कारण नागरी सहकारी बँका इथे गावोगावी आहेत. या बँकांना दीर्घ मुदतीच्या गौण ठेवी आणि बाँड, तसेच परपेच्युअल कर्जरोखे काढून भांडवल उभारता येते. यातली दीर्घ मुदतीची ठेव नावाने ठेव आहे, देणारी बँक ओळखीची, संचालक गावातले, आणि व्याज नेहमीच्या ठेवीपेक्षा अर्धा-एक टक्का जास्त. पण ती इतर ठेवीदारांच्या मागे उभी असते आणि पाच लाखांच्या ठेव विम्यात ती मोडत नाही. सभासदाला मिळणारी पावती साध्या मुदत ठेवीच्या पावतीसारखीच दिसते. ती पाहून फरक कळावा अशी अपेक्षा सत्तरीतल्या सभासदाकडून कशी करायची?

आज ज्यांच्या हातात असा कागद आहे त्यांना आम्ही तीन गोष्टी तपासायला सांगतो. डिमॅट स्टेटमेंटवर बाँडच्या नावापुढे PERPETUAL, BASEL III, TIER 2, SUBORDINATED यांपैकी कोणताही शब्द आहे का ते पाहावे. असेल तर त्याच ओळीतला INE ने सुरू होणारा बारा अक्षरांचा आयएसआयएन क्रमांक घेऊन त्या बाँडचे माहितीपत्रक मिळवावे. एनएसडीएलच्या इंडिया बाँड इन्फो या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून शोध घेता येतो. माहितीपत्रक दीडशे-दोनशे पानांचे असू शकते, सगळे वाचायची गरज नाही. टर्मशीटच्या तक्त्यात ‘लॉस अ‍ॅब्सॉर्प्शन’ आणि ‘पॉइंट ऑफ नॉन-व्हायेबिलिटी’ या दोन रकान्यांत राइट-ऑफ कायमचा की तात्पुरता, आणि शेअरभांडवल आधी जाणे बंधनकारक आहे की नाही, हे लिहिलेले असते. नेमके हेच दोन रकाने विक्रीच्या वेळी दाखवले जाणाऱ्या एकपानी पत्रकात नसतात. त्या पत्रकावर व्याजदर, मानांकन आणि कॉलची तारीख एवढेच असते.

आता आमच्या मागण्या. रिझर्व्ह बँकेकडे पहिली मागणी क्रमाची. सीईटी-वन आधी राइट-ऑफ करणे बंधनकारक नाही, हे वाक्य बदलून शेअरभांडवल किमान त्याच प्रमाणात कमी केल्याशिवाय एटी-वन आणि टियर-टूला हात लावता येणार नाही असे लिहावे. बँक वाचवण्यासाठी तातडीने क्रम मोडावा लागेल असे रिझर्व्ह बँकेचे मत असेल, तर राइट-ऑफच्या जागी शेअरमध्ये रूपांतर हा पर्याय आहेच. नियमांत रूपांतराची सोय पहिल्यापासून आहे, भारतातल्या बँका ती जवळजवळ वापरतच नाहीत. येस बँकेच्या बाँडधारकाला दहा रुपये भावाने शेअर मिळाले असते तर तोही नव्या गुंतवणूकदारांच्या शेजारी उभा राहिला असता, आणि बँकेच्या भांडवलात तेवढीच भर पडली असती.

दुसरी मागणी, राइट-ऑफचा निर्णय कलम ४५ च्या योजनेतच लिहावा. कोणत्या मालिका, किती रक्कम, कोणता थर का वगळला, याची कारणे त्या योजनेसोबतच प्रसिद्ध करावीत. मसुद्यावर हरकती द्यायला कामकाजाचे निदान पाच दिवस मिळावेत. निर्बंध लागू असताना ठेवी हलत नाहीत, त्यामुळे पाच दिवसांनी बँक बुडणार नाही. येस बँकेवरचे निर्बंध तर तेरा दिवस चाललेच.

सेबीकडे आमची मागणी विक्रीच्या कागदाबद्दल आहे. ऑक्टोबर २०२० ची कडक चौकट, राइट-ऑफचे कलम असलेल्या प्रत्येक बँक बाँडला लागू व्हावी, मग त्यावर परपेच्युअल लिहिलेले असो वा टियर-टू. जुन्या, लहान दर्शनी मूल्याच्या मालिका अजून लोकांच्या खात्यांत आहेत. त्यांच्या दुय्यम बाजारातल्या व्यवहारालाही चौदा आकाराची अक्षरे आणि सही लागू करावी. व्यक्तीला विकताना सौदापत्रकासोबत एक पान जोडणे सक्तीचे करावे. त्यात बाँडचा थर, राइट-ऑफच्या तीन वाटा, आणि येस बँक व लक्ष्मी विलासमध्ये त्याच थराचे काय झाले, एवढे तीन परिच्छेद मराठीत किंवा त्या माणसाच्या भाषेत असावेत. ठेव मोडून तीच रक्कम महिन्याभरात त्याच बँकेच्या गौण बाँडमध्ये जात असेल, तर तो व्यवहार शाखेने आपोआप वेगळा नोंदवावा आणि विक्री करणाऱ्याखेरीज दुसऱ्या अधिकाऱ्याने ग्राहकाशी बोलून त्याला मंजुरी द्यावी. २७७ ग्राहकांची यादी तुम्हाला तपासाअंती मिळाली. या नोंदीमुळे ती पहिल्या आठवड्यातच मिळाली असती.

सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने दीर्घ मुदतीच्या गौण ठेवीची पावती वेगळ्या रंगाची करावी आणि तिच्या दर्शनी बाजूला ‘या रकमेला ठेव विमा नाही’ हे वाक्य छापायला लावावे. याला कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

या मागण्यांवर आपले लेखी उत्तर आले तर ते आम्ही आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवू.

आपले विश्वासू,
रोखेबाजारात काम करणारे काही मराठी सल्लागार